ब्लँकेटांचं पुढे काय झालं?

बीड जिल्ह्यातलं एक हंगामी वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या गावं सोडतात. आईबापांबरोबर मुलंही कारखान्याच्या फडावर गेली तर त्यांची शाळा बुडते. तसं होऊ नये म्हणून एक छोटी संस्था साठ मुलांना चार-पाच महिने आपल्याकडे ठेवून घेते. नोव्हेंबरात थंडी पडू लागते आणि संस्था फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर लिहिते : साठ मुलांसाठी ब्लँकेटं हवी आहेत, एका ब्लँकेटाला ३५० रुपये, एकूण २१ हजार. तीन दिवसांनी तेच आवाहन पुन्हा येतं. आठवड्याने तिसऱ्यांदा येतं, या वेळी ‘शेवटचे दोन दिवस’ अशी पुस्ती जोडलेली असते. मग एक फोटो झळकतो. त्यात तालुक्यातले एक व्यापारी धनादेश देत आहेत, हार घातलेला आहे आणि खाली ‘मनःपूर्वक आभार’ लिहिलेलं आहे. त्यानंतर येतात त्या नाताळच्या शुभेच्छा.

पुण्यात बसून ७०० रुपये पाठवणाऱ्या शिक्षिकेला एवढंच कळतं की व्यापाऱ्यांनी धनादेश दिला. ब्लँकेटं आली का, किती आली, तिच्या दोन ब्लँकेटांचं काय झालं, याबद्दल अक्षर नाही. संस्थेने पैसे खाल्ले असं तिच्या मनातही येत नाही. फक्त जानेवारीत ‘वह्यांसाठी मदत करा’ असा निरोप येतो तेव्हा तिचा अंगठा तो वर सरकवतो.

हे वसतिगृह काल्पनिक आहे आणि पुढचे त्याचे आकडेही समजावण्यापुरते मांडलेले आहेत. पण ही तऱ्हा कुठल्याही देणगीदाराने पाहिलेली असेल. संस्था लोकांना जे काही सांगते त्याचे ढोबळ चार प्रकार पडतात : गोष्ट, अपडेट, आवाहन आणि आभार. गोष्ट एखाद्या माणसाची असते. अपडेट कामाची असते : काय ठरलं होतं, काय झालं, किती खर्च आला. आवाहन मागतं, आभार पोचपावती देतात. या चारांचं प्रमाण वर्षभरात कसं पडलं हे पैशाच्या हिशेबासारखं तपासता येतं. त्यासाठी एक्सेलचा एक तक्ता आणि दोन माणसं पुरतात.

तपासणी बारा महिन्यांची लागते. एखाद्या महिन्याचा नमुना घेऊन भागत नाही, कारण आपल्याकडे देणगीला ऋतू असतात. गणपती आणि दिवाळीत हात सैल असतो. मार्चमध्ये करसवलतीसाठी धावपळ असते, त्यामुळे त्या महिन्यात आवाहनांचा पाऊस पडणारच. नुसता मार्च पाहिला तर संस्था सदा हात पसरून बसलेली दिसेल आणि नुसता जून पाहिला तर फार समाधानी वाटेल. म्हणून एप्रिल ते मार्च असं पूर्ण वर्ष घ्यायचं आणि बाहेर गेलेला प्रत्येक मजकूर एका ओळीत लिहायचा : तारीख, माध्यम, कशाबद्दल, कोणत्या प्रकारचा, किती लोकांपर्यंत पोचला.

पहिली अडचण प्रकार ठरवताना येते, कारण मजकूर क्वचितच निखळ असतो. आठवीतली एक मुलगी पहाटे उठून धाकट्या भावाची वेणीफणी करते आणि मग अभ्यासाला बसते, अशी छान गोष्ट सुरू होते आणि शेवटी क्यूआर कोड येतो. ही गोष्ट की आवाहन? इथे एक साधा नियम उपयोगी पडतो : वाचून संपल्यावर वाचणाऱ्याच्या हाती काय उरलं ते पाहायचं. शेवटी पैसे मागितले असतील तर ते आवाहन, मग वरचे चार परिच्छेद कितीही हृद्य असोत. एका मजकुराला एकच खाना द्यायचा. ‘थोडी गोष्ट, थोडं आवाहन’ अशी सवलत ठेवली की प्रत्येक जण आपल्याला सोयीची बेरीज करतो.

नियम ठरला तरी दोन माणसं तो सारखा लावतातच असं नाही. म्हणून सुरुवातीला वीस मजकूर दोघांनी वेगवेगळे बसून वर्गीकरण करायचे आणि मग ताळा घ्यायचा. चार-पाचांहून जास्त ठिकाणी मतभेद निघाला, तर व्याख्या ढिल्या आहेत असं समजून त्या आधी घट्ट करायच्या. या दोघांतला एक जण मजकूर लिहिणारा नसावा. लिहिणाऱ्याला आपण गोष्टच लिहिली होती याची फार खात्री असते.

आपल्या वसतिगृहात वर्षभरात १२० मजकूर गेले असं धरू. कार्यालयाचा अंदाज होता की २१ गोष्टी आणि २७ आवाहनं असतील. नियम लावल्यावर नऊ गोष्टी क्यूआर कोडपाशी संपणाऱ्या निघाल्या. त्या आवाहनांत गेल्या आणि उरल्या १२ गोष्टी, ३६ आवाहनं. आभार १८ आणि अपडेट सहा. बेरीज ७२ झाली. मग उरलेले ४८ कुठे गेले?

ते पाचव्या खान्यात जातात, ज्याची सुरुवातीला कुणाला आठवणही नसते. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, थोर पुरुषांच्या जयंत्या, मान्यवरांची सदिच्छा भेट, शाल-श्रीफळ, ‘आमच्या विश्वस्तांचा वाढदिवस’. आपल्याकडच्या अनेक लहान संस्थांच्या मजकुरात हा खाना चांगलाच फुगलेला असतो आणि त्याचं कारण साधं आहे. दिनदर्शिका आयता विषय पुरवते, तयार चित्र मिळतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. या मजकुराने नुकसान होत नाही, पण संस्थेत हालचाल चालू असल्याचा भास मात्र होतो. १२० पैकी ४८ म्हणजे ४० टक्के हालचाल अशी, जिच्यात वसतिगृहातल्या एकाही मुलाबद्दल काही नाही.

इथवर झाली मोजदाद. संस्थेने काय पाठवलं ते यातून कळतं, लोकांनी काय पाहिलं ते कळत नाही. या दोहोंत मोठं अंतर पडू शकतं. फेसबुक प्रत्येक मजकूर प्रत्येकाला दाखवत नाही आणि पैसे भरून जो ‘बूस्ट’ केला जातो तो कितीतरी जास्त लोकांसमोर जातो. संस्था बूस्ट काय करते? अर्थातच आवाहन, कारण पैसे घालायचे तर पैसे येतील अशाच ठिकाणी.

वसतिगृहाच्या १२० मजकुरांची पोच मिळून साधारण एक लाख एक हजार झाली असं मानू. त्यातल्या ४८ हजार नुसत्या सहा बूस्ट केलेल्या आवाहनांच्या. इतर ३० आवाहनांच्या १५ हजार धरल्या की आवाहनांचे ६३ हजार झाले. सहा अपडेट मिळून १,८०० लोकांसमोर गेल्या. म्हणजे संस्थेने पाठवताना आवाहनं ३० टक्के होती, लोकांच्या डोळ्यांपुढे ती ६२ टक्के झाली. अपडेट ५ टक्के होत्या, त्या २ टक्क्यांच्याही खाली घसरल्या. ‘आम्ही इतकं सगळं सांगतो, तरी लोक म्हणतात तुम्ही फक्त मागता’ ही कार्यकर्त्यांची तक्रार आणि लोकांचं म्हणणं, दोन्ही खरी असतात. दोघं वेगवेगळ्या यादीकडे बघत असतात. म्हणून तक्त्यात पोच हा रकाना लागतोच. नेमका आकडा मिळत नसेल, उदाहरणार्थ व्हॉट्सॲपच्या गटांचा, तर गटातली माणसं मोजून अंदाज लिहावा आणि तो अंदाज आहे असं शेजारी नोंदवावं.

मग योग्य प्रमाण कोणतं? ‘एका आवाहनामागे तीन इतर मजकूर’ असे सोपे मंत्र प्रशिक्षण वर्गांत मिळतात. पण सगळ्या संस्थांना लागू पडेल असा एकच आकडा असणं शक्य नाही. पुरात धान्य वाटणारी संस्था दोन आठवडे आवाहनच करील आणि ते बरोबरच असेल. वाचनालय चालवणाऱ्या संस्थेने तसं केलं तर लोक वैतागतील. टक्केवारी फक्त प्रश्न कुठे विचारायचा ते दाखवते. उत्तर मिळतं ते साखळी तपासून.

साखळी म्हणजे असं : एक मागणी उचलायची आणि तिचा माग काढायचा. मागितलं, आलं, आभार मानले, खर्च केले, काय झालं ते सांगितलं. वसतिगृहाच्या ३६ आवाहनांत वेगवेगळ्या मागण्या अकराच निघतात, बाकी सगळी त्यांचीच आवर्तनं. त्या अकरांपैकी पाचांचे आभार सापडतात. आणि पैशांचं काय झालं हे किती मागण्यांबाबत सांगितलं? दोन. उरलेल्या नऊ मागण्या ब्लँकेटांसारख्या अधांतरी राहिल्या. सहा अपडेटपैकी चार दहावीच्या निकालाच्या आणि नव्या खोल्यांच्या होत्या. त्या चांगल्याच आहेत, पण त्यासाठी कुणी पैसे मागितले नव्हते.

गावातलं गणेशोत्सव मंडळ या बाबतीत कधी कधी मोठ्या संस्थांनाही मागे टाकतं. वर्गणी मागायला पोरं दारात येतात, पावती फाडतात, आणि नीट चालणारं मंडळ विसर्जनानंतर फलकावर जमाखर्च लावतं : मांडव इतका, मूर्ती इतकी, शिल्लक इतकी. तो फलक सगळेच वाचतात असं नाही. पण तो लागला नाही तर मात्र चौकात चर्चा होते.

अपडेटच नेमकी का गळते? आळस हे कारण क्वचितच असतं. मजकूर लिहिणारा पुण्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो आणि ब्लँकेटं वाटणारा वसतिगृहात असतो. आवाहन लिहायला मागणीचा आकडा पुरतो आणि तो कार्यालयात असतो. आभारासाठी फोटो लागतो आणि तो देणाऱ्याचीच माणसं काढून पाठवतात. अपडेटसाठी मात्र दुकानाचं बिल, वाटपाची तारीख आणि उरलेली रक्कम लागते. ती माहिती गृहपालाच्या वहीत असते आणि गृहपालाला ती कुणी मागितलेली नसते. त्यामुळे उपाय लेखनाचा नसून कामाच्या वाटपाचा आहे. आवाहन बाहेर जातानाच दोन गोष्टी लिहून ठेवायच्या : याची अपडेट कोणत्या तारखेला जाईल आणि बिल कोण पाठवील.

ती अपडेट लांबलचक असायचीही गरज नाही. ब्लँकेटांची अशी चालली असती : ‘नोव्हेंबरात आपल्याकडे २१,००० रुपये मागितले होते. ८३ जणांनी मिळून २६,४०० दिले. घाऊक दुकानात ब्लँकेट ३४० रुपयांना मिळालं, साठांचे २०,४०० झाले. ५ डिसेंबरला वाटप झालं. ६,००० उरले आहेत, ते स्वयंपाकाच्या गॅससाठी वापरायचा विचार आहे. कुणाची हरकत असेल तर १५ तारखेपर्यंत कळवा.’ पुण्याच्या शिक्षिकेला यातून चार गोष्टी समजतात आणि शेवटच्या वाक्याने ती या कामात भागीदार होते.

उरलेल्या पैशांचा उल्लेख करायला संस्था बिचकतात. त्याहून जास्त बिचकतात ते काम फसल्याचं सांगायला. न्यूयॉर्कची ‘चॅरिटी वॉटर’ ही संस्था २००६ मध्ये स्कॉट हॅरिसन यांनी सुरू केली. पिण्याच्या पाण्याचं काम करते आणि देणाऱ्याच्या पैशातून झालेली विहीर नकाशावर कुठे आहे ते त्याला कळवते. २०१० मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या मोआले गावी देणगीदारांना बोअरचं काम दाखवायचं ठरलं होतं. बोअर फसली. हॅरिसन यांनी फसल्याचंच चित्रण देणगीदारांसमोर ठेवलं आणि पुढे पुन्हा प्रयत्न करून पाणी लागलं, तेव्हा तेही दाखवलं. मराठवाड्यात कोरडी गेलेली बोअर ही काही नवलाची गोष्ट नाही. ती देणगीदाराला सांगितली जाते का, हे तपासणीत पाहण्यासारखं आहे. वर्षभराच्या सहाही अपडेट यशाच्याच असतील तर वाचणारा त्यांना जाहिरात समजू लागतो.

गोष्टींचा खाना कमी भरलेला दिसला की ‘भावनिक गोष्टी वाढवा’ असा सल्ला लगेच मिळतो. त्यामागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांच्या हाती पाच डॉलर होते आणि त्यातले हवे तेवढे त्यांनी दान करायचे होते. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी दिली. त्यांनी सरासरी १ डॉलर १४ सेंट दिले. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचायला दिलं. त्यांनी २ डॉलर ३८ सेंट दिले. तिसऱ्या गटाला रोकियाही दिली आणि आकडेवारीही. तिथे सरासरी १ डॉलर ४३ सेंटवर आली.

यातून काढायचा धडा ‘आकडे टाळा’ असा नाही. एकाच मजकुरात गोष्ट आणि आकडेवारी कोंबू नका, असा मात्र नक्की काढता येतो. गोष्टीला गोष्टीची जागा द्यावी आणि हिशेबाला हिशेबाची. चार खाने वेगळे ठेवण्याचं हेही एक कारण आहे.

आणि गोष्टींच्या खान्यात वाढ करण्यापूर्वी एक रकाना जास्तीचा आखावा लागतो : संमती. संस्थेतलं मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करता येत नाही. त्यात नाव, पत्ता, शाळा येते आणि फोटोही येतो. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अनाथाश्रमातल्या मुलाचा चेहरा आणि त्याची करुण कहाणी टाकणारा मजकूर तपासणीत सापडला, तर तो कोणत्या खान्यात जातो हा प्रश्न दुय्यम ठरतो. आधी तो काढावा लागतो. हंगामी वसतिगृहातली मुलं आईबापांची असतात. तिथे त्या आईबापांना फोटो कुठे जाणार हे सांगून परवानगी घेणं हा किमान शिष्टाचार आहे. फडावरून चार दिवसांसाठी आलेल्या आईच्या मोबाइलवर आपल्याच मुलीच्या दारिद्र्याची गोष्ट येते, तेव्हा तिला काय वाटतं हे मजकूर लिहिणाऱ्याने डोळ्यांपुढे आणावं.

आभारांच्या खान्यात संख्या पाहायची नसते, नावं पाहायची असतात. वसतिगृहाच्या १८ आभारांत १५ धनादेशाचे फोटो निघाले. ब्लँकेटांना पैसे देणाऱ्या ८३ जणांपैकी बहुतेकांनी क्यूआर कोडवरून दोनशे, पाचशे पाठवले होते. त्यांचा पत्ता संस्थेकडे नाही. बँकेच्या उताऱ्यात फक्त एक यूपीआय आयडी दिसतो. त्यांना पत्र जात नाही. करसवलतीचं प्रमाणपत्रही जात नाही, कारण त्यासाठी नाव, पत्ता, पॅन लागतो. अशा माणसाला पोचणारं एकमेव आभारपत्र म्हणजे सगळ्यांसाठी टाकलेला मजकूर. ‘नाव न सांगता पाठवणाऱ्या ६० जणांचेही’ एवढे चार शब्द तिथे नसतील, तर त्याच्या दोनशे रुपयांची नोंद जगात कुठेच झाली नाही असं त्याला वाटतं.

तरीही आभार वाढवले म्हणजे देणग्या वाढतील, अशी हमी कुणी देऊ नये. अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांच्या सुमारे पाच लाख देणगीदारांवर आन्या समेक आणि चक लाँगफील्ड यांनी सहा वर्षं एक प्रयोग केला. काही नव्या देणगीदारांना आभाराचा फोन गेला, काहींना गेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा देणारे दोन्ही गटांत २८ टक्केच निघाले. या क्षेत्रातल्या जाणकारांनी फोनमुळे मोठा फरक पडेल असा अंदाज दिला होता. आभार मानणं हा सौजन्याचा भाग आहे आणि म्हणून ते मानायचेच. पण साखळीतली हरवलेली कडी त्यांनी भरून निघत नाही. फोनवर कुणी ‘तुमच्या पैशांचं असं झालं’ हे सांगितलं नसेल, तर तो फोन गोड बोलण्यावर संपतो.

तपासणीनंतर वसतिगृहाने काय बदलावं? आवाहनं निम्मी करायचा मोह टाळावा, कारण मुलांना जेवायला लागतंच. अकरा मागण्यांतल्या लहान मागण्या एकत्र करून आठ करता येतील. प्रत्येकीची आवर्तनं दोनवर थांबवता येतील, म्हणजे ३६ आवाहनांची सोळा होतील. आठही मागण्यांची अपडेट तारीख ठरवून जाईल. सहा बूस्टपैकी तीन आवाहनांना ठेवावे आणि तीन त्यांच्याच अपडेटना द्यावे, तेही ज्यांनी आवाहन पाहिलं त्याच लोकांपुढे. शुभेच्छांच्या ४८ मजकुरांना कुणाची परवानगी न घेता कात्री लावता येते. फार तर विश्वस्तांचा वाढदिवस राहू द्यावा.

वर्षाने तोच तक्ता पुन्हा भरायचा, त्याच व्याख्या वापरून. व्याख्या बदलल्या की तुलना संपली. देणग्या वाढल्या तर त्याचं श्रेय लगेच नव्या प्रमाणाला देऊ नये. पाऊस, निवडणुका, एखादा मोठा देणगीदार, अशी दहा कारणं असतात. पण अकरापैकी दोन साखळ्या पूर्ण होत्या त्या आठपैकी आठ झाल्या की नाही, हे मात्र निर्विवाद मोजता येतं.

१२० ओळींच्या तक्त्याला दोन माणसांच्या दोन-तीन दुपारी लागतात. त्यासाठी एप्रिल-मे सोयीचा पडतो. हंगाम संपून मुलं घरी गेलेली असतात आणि वर्षाच्या हिशेबासाठी पावतीपुस्तकं, बिलं, बँकेचे उतारे तसेही टेबलावर काढलेले असतात. ब्लँकेटांचं बिल त्यातच सापडतं.